पहिलं वैधानिक ऑडिट, काजूचा कारखाना आणि मटेरिॲलिटीचा आकडा

आमच्याकडे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलांच्या फायली तपासताना एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसते: ‘मटेरिॲलिटी: उलाढालीच्या 1 टक्का.’ त्याच्याखाली रक्कम असते, म्हणजे पत्रकांत कितीपर्यंतची चूक चालवून घ्यायची तो आकडा, आणि मग त्या रकमेचं संपूर्ण फाइलमध्ये नावसुद्धा नसतं. काय तपासायचं, किती पोती वजन करायची, कुठली चूक सोडायची, हे सगळं ‘दरवर्षी करतो तसं’ ठरतं. पहिल्या ऑडिटला ‘दरवर्षी’ नसतंच, म्हणून तिथे हे अंगाशी येतं.

हा लेख एकाच उदाहरणावर चालतो. कुडाळच्या एमआयडीसीतला काजू प्रक्रिया कारखाना. 31 मार्च 2024 पर्यंत भागीदारी फर्म, 1 एप्रिल 2024 पासून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. फर्मचं टॅक्स ऑडिट व्हायचं, कंपनी कायद्याखालचं ऑडिट हे पहिलंच. वर्ष 2024-25. आकडे समजावण्यासाठी गोल केलेले आहेत, पण प्रमाण या धंद्यात दिसतं तसंच ठेवलं आहे.

## टप्पा 1: टक्केवारीच्या आधी जमवायचे कागद

ट्रायल बॅलन्स हातात आला की लगेच कॅल्क्युलेटर उघडू नका. आधी चार गोष्टी टेबलावर हव्यात. पहिली, फर्म ते कंपनी हस्तांतरणाचे कागद आणि त्या तारखेचा ताळेबंद. दुसरी, फर्मच्या शेवटच्या वर्षाचा टॅक्स ऑडिटचा फॉर्म 3सीडी, विशेषतः कलम 35, कारण त्यात कच्चा माल, वापर, उतारा म्हणजे बीतून निघालेला गर, आणि शिल्लक हे किलोमध्ये असतं. तिसरी, बँकेला दिलेली दर महिन्याची स्टॉक स्टेटमेंट्स. चौथी, संचालकांनी वर्षभरात काय काय घेतलं त्याची यादी: मानधन, भाडं, व्याज, आणि घरच्या बागेतली बी कंपनीला विकली असेल तर तीही.

त्यानंतर कच्चा नफा स्वच्छ करा. आमच्या उदाहरणात ट्रायल बॅलन्सवरून करपूर्व नफा 28 लाख आला. त्यात कंपनी बनवण्याचा एकदाच होणारा 6 लाखांचा खर्च वजा झालेला होता. दोन्ही संचालक, म्हणजे नवरा-बायको, यांचं मानधन 42 लाख. उलाढाल 12 कोटी, एकूण मालमत्ता 7.40 कोटी.

तपासा: कंपनीचं पहिलं वर्ष नेमकं किती महिन्यांचं आहे? जुलैत नोंदलेल्या कंपनीचं पहिलं वर्ष नऊ महिन्यांचं भरेल. जानेवारी ते मार्चमध्ये नोंदलेली कंपनी पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत जाते, म्हणजे पंधरा महिन्यांपर्यंत. मटेरिॲलिटी ज्या काळाच्या पत्रकांवर तुम्ही सही करणार त्याच काळाची असते. नऊ महिन्यांचा नफा बारावर नेऊन त्याचे पाच टक्के काढणं चूक आहे.

## टप्पा 2: आकडे वाचणार कोण, ते लिहून काढा

एसए 320 या ऑडिटच्या मानकात मटेरिॲलिटीची मोजपट्टी वाचकाच्या निर्णयाशी बांधलेली आहे: पत्रकं वाचून जो निर्णय घेतो, त्याचा निर्णय कितीच्या चुकीने बदलेल? म्हणून फाइलमध्ये टक्केवारीच्या आधी वाचकांची नावं हवीत.

या कारखान्यात भागधारक घरचेच आहेत आणि त्यांना धंदा पाठ आहे. खरा बाहेरचा वाचक म्हणजे कॅश क्रेडिट देणारी बँक. तिला दोन गोष्टी बघायच्या असतात: धंदा व्याज फेडण्याइतकं कमावतो का, आणि साठा व येणी खरी आहेत का. त्यातल्या पहिल्या गोष्टीवरून आधाररक्कम, म्हणजे टक्केवारी ज्या रकमेवर काढायची ती, ठरते, आणि दुसरी गोष्ट पुढे तपासणी कुठे जड करायची ते सांगते.

इथे एक घोळ नेहमी होतो, तो आत्ताच मोडून काढू. कंपनी कायद्याच्या शेड्यूल 3 मध्ये, उलाढालीच्या 1 टक्का किंवा 1 लाख यांपैकी जास्त रकमेवरची उत्पन्न-खर्चाची बाब वेगळी दाखवा, असं आहे. तो नियम दाखवण्याचा आहे. किती चूक सहन करायची, याच्याशी त्याचा संबंध नाही. कलम 143(12) मधला 1 कोटीचा आकडा गैरव्यवहार कुणाकडे कळवायचा ते ठरवतो. या दोन्हींपैकी कुठलाही आकडा उचलून मटेरिॲलिटी म्हणून लावू नका. मी स्वतः प्रॅक्टिसच्या सुरुवातीला शेड्यूल 3 चा 1 टक्का एका फाइलमध्ये असाच लावला होता. रिव्ह्यू करणाऱ्या ज्येष्ठांनी त्यावर काही न लिहिता फक्त नफ्याच्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केला. मला समजायला अर्धा दिवस गेला.

## टप्पा 3: आधाररक्कम निवडा, मग एकूण मटेरिॲलिटी

तीन पर्याय शेजारी मांडून बघा. उलाढालीचा 1 टक्का म्हणजे 12 लाख. मालमत्तेचा 1 टक्का म्हणजे 7.40 लाख. करपूर्व नफ्याचे 5 टक्के म्हणजे 1.40 लाख. एकाच कारखान्याचे तीन आकडे, आणि पहिला शेवटच्याच्या साडेआठ पट.

12 लाख का नको ते एका भागाकारात कळतं. 28 लाखांच्या नफ्यात 12 लाखांची चूक म्हणजे जवळपास 43 टक्के. बँकेचा मॅनेजर तेवढ्या फरकाने नक्कीच वेगळा विचार करेल. काजूच्या धंद्यात उलाढाल मोठी आणि मार्जिन बारीक, कारण विक्रीतले सत्तर टक्के बी घेण्यातच जातात. अशा ठिकाणी उलाढालीवरची टक्केवारी हमखास फसवते.

मग 1.40 लाख घ्यावेत का? तेही बरोबर नाही. मालक दर महिन्याला मानधन किती घेतात यावर उरलेला नफा अवलंबून आहे. उद्या त्यांनी मानधन 60 लाख केलं तर नफा 10 लाखांवर येईल आणि मटेरिॲलिटी 50 हजारांवर, पण धंदा तोच राहील. मालकाच्या हातातल्या अशा धंद्यांसाठी मानधन आणि कर यांच्या आधीचा नफा जास्त योग्य ठरू शकतो, असं एसए 320 च्या स्पष्टीकरणातच आहे. फायद्यासाठी चालणाऱ्या उत्पादक धंद्याला करपूर्व नफ्याचे पाच टक्के, हे उदाहरणही तिथलंच. पण ते उदाहरण आहे. मानकाने कुठलीही टक्केवारी बंधनकारक केलेली नाही, म्हणून कारण तुम्हालाच लिहावं लागतं.

आमचा हिशेब असा झाला: 28 लाख, अधिक मानधन 42 लाख, अधिक एकदाच झालेला खर्च 6 लाख, मिळून 76 लाख. त्याचे 5 टक्के, 3.80 लाख. ही एकूण मटेरिॲलिटी.

सावध: एकदाचा खर्च मिळवताना दोन्ही बाजू बघा. जमीन विकून झालेला नफा किंवा एकदाच मिळालेलं अनुदान असेल तर तेही काढून टाका. फक्त मिळवायच्या बाबी शोधल्या की आधाररक्कम फुगते.

आता मुद्दा आहे तो इथे. पहिलं ऑडिट आहे, हिशेब वह्यांमध्ये आहेत, म्हणून बरीच जण एकूण मटेरिॲलिटीच कमी करतात: पाचऐवजी तीन टक्के घेऊ, सुरक्षित. वाचकाला कितीची चूक चालेल, हे तुमचं ऑडिट पहिलं आहे की दहावं यावर ठरत नाही. बँकेचा मॅनेजर तोच आहे. चुका निघण्याची शक्यता किती, ही गोष्ट पुढच्या आकड्यात जाते. दोन्ही ठिकाणी घातली तर काम दुप्पट होतं आणि फाइलमध्ये त्याचं कारण कुणाला सापडत नाही.

## टप्पा 4: परफॉर्मन्स मटेरिॲलिटी

एकूण 3.80 लाखांची पट्टी घेऊन प्रत्येक खातं तपासलं, तर साठ्यात 3 लाख, येण्यांत 2 लाख आणि मजुरीत 2 लाखांची चूक सुटू शकते. प्रत्येक चूक मर्यादेत, बेरीज मात्र 7 लाख. ही बेरीज मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून तपासणीची पट्टी आधीच खाली ठेवायची. तीच परफॉर्मन्स मटेरिॲलिटी. प्रत्यक्षात ती साधारण 50 ते 75 टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात.

इथे आम्ही 50 टक्के घेतले, 1.90 लाख. कारणं फाइलमध्ये तीन वाक्यांत लिहिली. मागच्या वर्षांत कुठल्या चुका निघाल्या याचा इतिहास आपल्याकडे नाही. गोदामाची नोंद मुकादमाच्या वहीत होते आणि टॅलीत महिन्याअखेर एकच एंट्री पडते. बी विकत घेणं, वजन करणं आणि रोख देणं हे एकच माणूस करतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी यातलं काही सुधारलं तर 65-70 टक्क्यांपर्यंत जाता येईल.

त्याच बैठकीत तिसरा आकडाही ठरवा: अगदी किरकोळ म्हणून नोंदायचीच नाही अशी चूक. आम्ही एकूणच्या 5 टक्के, म्हणजे 19,000 घेतली. याखालची चूक यादीत येत नाही. पण मुद्दाम केलेली वाटली तर रक्कम कितीही असो, ती येते.

काही खात्यांना सर्वसाधारण पट्टी लागू होत नाही. संचालकाच्या भावाच्या वेंगुर्ल्याच्या बागेतून घेतलेली बी, संचालकांना दिलेलं भाडं आणि मानधन: इथे छोट्या रकमेलाही वाचणारा थबकतो. या बाबींसाठी वेगळी 1 लाखाची मटेरिॲलिटी आणि 50 हजारांची तपासणी पट्टी ठेवली. शिवाय मानधन आपण आधाररकमेत परत मिळवलेलं आहे. ती रक्कमच चुकीची असेल तर सगळा पाया हलतो. म्हणून ते ठराव आणि बँक नोंदींशी पूर्ण जुळवलं.

तपासा: वर्किंग पेपरमध्ये या पानावर हे पाचही आकडे आणि प्रत्येकाचं कारण आहे का? नुसता आकडा आणि ‘व्यावसायिक निर्णयानुसार’ एवढंच लिहिलं असेल तर पान परत पाठवा.

## टप्पा 5: कुठली खाती, कितपत

1.90 लाखांपेक्षा मोठं प्रत्येक खातं तपासणीत येतं, हे सरळ आहे. चूक उरलेल्या खात्यांत होते. या कारखान्यात 17 खाती 1.90 लाखांखाली होती, पण त्यांची बेरीज 9.80 लाख, म्हणजे एकूण मटेरिॲलिटीच्या अडीच पट. म्हणून ‘लहान आहेत’ म्हणत सगळी सोडता येत नाहीत. महिनावार तुलना करून वेगळी दिसणारी तीन-चार खाती उघडा.

दुसरं, देण्यांच्या बाजूला शिल्लक लहान असणं हाच धोक्याचा इशारा असू शकतो. आफ्रिकी बी पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याची शिल्लक शून्य होती, पण वर्षभरात त्याच्याकडून सव्वा कोटीचा माल आलेला. मार्चचं बिल नोंदायचं राहिलं असेल तर शून्यच दिसणार. पुरवठादारांना पत्रं पाठवताना शिल्लक बघू नका, वर्षाची खरेदी बघा.

येणेकरी 31, रक्कम 1.64 कोटी. त्यांपैकी 1.90 लाखांवरचे 19, त्यांत 1.48 कोटी. त्या सगळ्यांना खातेउतारा मागणारी पत्रं, आणि उत्तर न आल्यास एप्रिल-मेमधली वसुली बँकेतून. उरलेल्या 12 जणांकडे 16 लाख, म्हणजे पट्टीच्या आठ पट. तिथे सॅम्पलचं गणित करत बसण्यापेक्षा बाराच्या बारा तपासणं लवकर होतं.

## टप्पा 6: साठा, जिथे पट्टी किलोत उतरते

कोकणात काजूची बी फेब्रुवारी-मार्चपासून यायला लागते आणि मेपर्यंत येत राहते. म्हणजे 31 मार्च हा ऐन खरेदीचा दिवस. मोजणी चालू असताना दाराशी शेतकऱ्याचा टेम्पो उभा असतो. पहिल्या लेखापरीक्षकाची नेमणूक संचालक मंडळाने नोंदणीनंतर 30 दिवसांत करायची असते. ती वेळेत झाली असेल तर 31 मार्चला हजर न राहण्याला सबब नाही.

मोजणीला जाण्याआधी 1.90 लाखांचं रूपांतर वजनात आणि डब्यांत करून घ्या. हे पान खिशात असलं की मोजणी डोळसपणे होते.

कच्ची बी 1.55 कोटींची, सरासरी 120 रुपये किलो, म्हणजे सुमारे 129 टन. 80 किलोच्या पोत्यांत 1,612 पोती. 1.90 लाख म्हणजे साधारण 1,580 किलो, जेमतेम वीस पोती. आणि प्रत्येक पोतं एक किलोने कमी भरलं तरी 1,612 किलो होतात, म्हणजे पट्टी ओलांडली! म्हणून पोती नुसती मोजून भागत नाही, वजन करावंच लागतं. खरेदीच्या वेळी बीमध्ये ओल असते, ती वाळते आणि वजन उतरतं. कारखान्याच्या वहीत मात्र पोती गुणिले 80 असंच चाललेलं असतं.

आम्ही थप्पीच्या वरच्या, मधल्या आणि भिंतीकडच्या भागांतून 60 पोती काढायला लावली. सरासरी 78.7 किलो भरली. मालक म्हणाले, “ओ साहेब, एका पोत्याक किलो-सव्वा किलोन काय फरक पडता?” मुकादमाच्याच वहीच्या मागच्या पानावर गुणाकार करून दाखवला. 1.3 गुणिले 1,612, म्हणजे जवळपास 2,096 किलो, म्हणजे 2.51 लाख. मग त्यांनीच आणखी चाळीस पोती काढायला लावली, आमची चूक निघते का बघायला. सरासरी हलली नाही.

तयार गर 1.20 कोटींचा. इथे वजनापेक्षा ग्रेडची चूक महाग पडते. डब्ल्यू 240 अखंड गर आणि तुकडा यांच्या हिशेबातल्या दरात किलोला 250 रुपयांचा फरक होता. 10 किलोच्या एका डब्यामागे 2,500. म्हणजे 76 डब्यांवर चुकीची चिठ्ठी असली की 1.90 लाख झाले. सुमारे 1,850 डब्यांत 76 म्हणजे काहीच नाही. म्हणून सील केलेले डबे उघडायला लावा आणि चिठ्ठी नव्हे, गर बघा. पाकळी आणि तुकडा अखंडाच्या थप्पीत मागच्या रांगेला लपतो.

सावध: खळ्यात वाळत घातलेली बी, बोरम्यात म्हणजे वाळवायच्या भट्टीत असलेला गर आणि सोलायला बायकांच्या घरी गेलेला गर, हे तीन साठे गोदामाच्या मोजणीत येत नाहीत. घरोघरी गेलेला माल वहीत नावावार असतो. त्यातली मोठी नावं निवडून लेखी खात्री घ्या, जवळची असतील तर जाऊन बघा.

### उताऱ्याच्या हिशेबावर किती विसंबायचं

प्रत्येक आर्टिकल उताऱ्याचा तक्ता करतो: 690 टन बी वापरली, 24.5 टक्के उतारा, 169 टन गर अपेक्षित, पुस्तकात 168.2 टन, ‘फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, समाधानकारक.’ इथे थांबा. 0.8 टन गर, 650 रुपये किलोने, 5.20 लाख होतात. ही रक्कम एकूण मटेरिॲलिटीपेक्षा मोठी आहे. टक्केवारीत बारीक दिसणारा फरक रुपयांत मोठा निघाला.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. उतारा बीच्या जातीवर, देशावर, वाळवण्यावर आणि फोडणाऱ्या हातावर बदलतो. 24.5 ऐवजी 24 टक्के धरला तर अपेक्षित गर 3.45 टनांनी, म्हणजे 22 लाखांनी बदलतो. आणि आपली पट्टी 1.90 लाख, म्हणजे 292 किलो गर. ज्या मोजपट्टीची स्वतःची खूणच 22 लाखांनी हलते, तिने 1.90 लाखांची चूक मोजता येत नाही. म्हणून वर्षाचा उतारा पुरावा म्हणून मोजू नका. लॉटवार आणि महिनावार तक्ता करा, आणि वेगळा दिसणारा लॉट कुठे बघायचा ते दाखवतो एवढ्यापुरता तो वापरा. साठ्याचा पुरावा म्हणजे मोजणी, वजन आणि तारखेची सीमारेषा.

त्या सीमारेषेसाठी 31 मार्चच्या आधीची आणि नंतरची बिलं ई-वे बिल आणि गेटच्या वहीशी लावा. आम्हाला 31 मार्चचं 2.34 लाखांचं एक विक्री बिल सापडलं. 30 डबे, 300 किलो, 780 चा दर. टेम्पो मात्र 2 एप्रिलला सुटलेला. हे डबे मोजणीत साठ्यातही धरलेले होते, म्हणून चूक पूर्ण 2.34 लाखांची. ते साठ्यातून वगळलेले असते तर चूक फक्त मार्जिनएवढी राहिली असती. कटऑफची चूक सापडली की माल मोजणीत होता की नव्हता, हे विचारल्याशिवाय रक्कम लिहू नका.

### 1 एप्रिलचा साठा

पहिल्या ऑडिटमधली सर्वांत अवघड जागा ही. वर्षअखेरचा साठा तुम्ही पोतं पोतं मोजलात तर ताळेबंद सावरतो, पण नफा नाही. नफ्यात सुरुवातीचा साठाही बसतो, आणि तो मोजताना तुम्ही नव्हतात. फर्मकडून आलेला साठा 2.20 कोटी दाखवला होता. त्यात 1.90 लाखांची चूक म्हणजे एक टक्काही नाही.

सुरुवातीच्या शिलकांवरच्या एसए 510 च्या वाटेने तीन आधार एकमेकांशी लावा. 3सीडीच्या कलम 35 मधले किलो, मार्च 2024 चं बँकेचं स्टॉक स्टेटमेंट, आणि मागे चालत काढलेला हिशेब: मेअखेरचा साठा, अधिक एप्रिल-मेमध्ये विकलेला आणि फोडलेला माल, वजा त्या काळात आलेली खरेदी. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये साठा जास्त दिसणं नवीन नाही, कारण त्यावर उचल मिळते. पण फरक 1.90 लाखांवर असेल तर ‘बँकेसाठी दाखवतात तसं’ हे उत्तर लिहून पुढे जाऊ नका. फरक वजनाचा की दराचा ते वेगळं करा. दराचा असेल तर बिलांनी सुटतो. वजनाचा असेल आणि मागचा हिशेबही लागला नाही, तर नफ्याबाबत मताला अपवाद घालावा लागेल का, हा प्रश्न मालकाशी मेमध्येच बोला, वार्षिक सभेच्या तोंडावर नव्हे.

## टप्पा 7: शेतकऱ्यांची व्हाउचर्स आणि सॅम्पल

खरेदी 8.40 कोटी. त्यातली 6.30 कोटी 38 मोठ्या बिलांत, सगळी पट्टीच्या वर, म्हणून सगळी तपासली. उरलेले 2.10 कोटी म्हणजे शेतकऱ्यांकडून घेतलेल्या बीची सुमारे 900 व्हाउचर्स, सरासरी 23 हजारांची. एकही व्हाउचर पट्टीच्या जवळ जात नाही, पण ढीग पट्टीच्या 110 पट आहे.

सॅम्पलचा आकार असा काढला: ढिगाची रक्कम, गुणिले विश्वासाचा गुणक, भागिले पट्टी. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या बीवर जीएसटी रिव्हर्स चार्जने कंपनी स्वतः भरते. त्यामुळे विवरणपत्रातली रक्कम आणि खातं जुळवता आलं आणि थोडा आधार मिळाला. म्हणून गुणक 1 घेतला: 210 लाख भागिले 1.90, 111 व्हाउचर्स. दुसरा काहीच आधार नसता तर 90 टक्के खात्रीसाठी गुणक 2.3 लागला असता आणि व्हाउचर्स 255 झाली असती. परफॉर्मन्स मटेरिॲलिटी 75 टक्क्यांवर, 2.85 लाख ठेवली असती तर 74. टप्पा 4 मधला आकडा काटा पावत्यांच्या गठ्ठ्यात असा उतरतो.

निवड रुपयांवर करा: व्हाउचर्सची चढती बेरीज घेऊन दर 1.90 लाखांनी ज्या व्हाउचरवर बोट पडेल ते काढा. ‘हाताला लागेल ते’ काढलं की हात नेहमी नीट लावलेल्या फाइलकडेच जातो.

111 मध्ये दोन चुका निघाल्या. 24,000 च्या व्हाउचरला काटा पावती 21,600 ची, आणि 18,000 च्या व्हाउचरला 15,300 ची. मिळून 5,100. आर्टिकलने शेरा मारला: ‘19,000 च्या खाली, नगण्य.’ ही सर्वांत जास्त होणारी चूक. सॅम्पलमधली चूक ढिगावर पसरवून मगच मोजायची. पहिली 10 टक्के, दुसरी 15 टक्के, मिळून 25 टक्के, गुणिले 1.90 लाखांचं अंतर: 47,500. किरकोळच्या मर्यादेपेक्षा ही दुप्पट-अडीचपट आहे, म्हणून यादीत जाते. शिवाय दोन्ही व्हाउचर्स एकाच खरेदी केंद्रावरची, दोन्हीत पावतीपेक्षा जास्त रोख दिलेली. अशा वेळी रक्कम बाजूला ठेवून तो माणूस, ते केंद्र आणि मालकाला याची कल्पना आहे का, हे विचारावं लागतं. त्या केंद्राची उरलेली व्हाउचर्स वेगळी काढून पूर्ण तपासली.

## टप्पा 8: चुकांची यादी आणि आकड्याचा फेरविचार

एसए 450 प्रमाणे एका पानावर सगळं: पोत्यांचं वजन 2.51 लाख जास्त, एप्रिलची विक्री 2.34 लाख जास्त, शेतकरी खरेदी 47,500 जास्त. पहिल्या दोन चुकांनी नफा फुगला, तिसरीने घटला. बेरीज करताना तिसरी वजा करून ‘निव्वळ 4.37 लाख’ असं लिहून मोकळं होऊ नका. पसरवून काढलेला अंदाज आणि प्रत्यक्ष सापडलेली चूक एका तराजूत घालून एकमेकांना खोडायची नसतात. आणि रोखीचा प्रश्न तर वेगळाच आहे.

पहिल्या दोन्ही चुका एकेकट्या 3.80 लाखांखाली आहेत, मिळून 4.85 लाख. दोन्ही दुरुस्त करायला सांगितल्या, मालकांनी केल्या. नफा 23.15 लाखांवर आला.

उरलेली चूक मोजण्याआधी पहिला आकडा अजून योग्य आहे का ते बघावं लागतं. आधाररक्कम 76 वरून 71.15 लाखांवर आली, 5 टक्के म्हणजे 3.55 लाख. प्रत्येक लहान दुरुस्तीनंतर आकडा हलवायला हवा असं नाही, पण इथे आम्ही हलवला: एकूण 3.55 लाख, परफॉर्मन्स 1.77 लाख, किरकोळ 17,750. मग मागे जाऊन बघायचं की जुन्या पट्टीने सोडलेलं काही नव्या पट्टीत येतं का. शेतकरी खरेदीत सॅम्पल 111 वरून 119 झालं, म्हणून आठ व्हाउचर्स आणखी काढली. 1.77 आणि 1.90 लाखांच्या मधलं एकच खातं निघालं, वीजबिलाची देय रक्कम. ती एप्रिलच्या बिलाशी जुळली. 17,750 ते 19,000 मधल्या सोडलेल्या चुका शोधल्या, नव्हत्या.

राहिलेले 47,500 मालकांना लेखी कळवले आणि दुरुस्त करायला सांगितले. शेतकऱ्याला एकदा दिलेले पैसे परत मागता येणार नाहीत, म्हणून त्यांनी नकार दिला. तो नकार, रक्कम 3.55 लाखांपेक्षा खूप कमी असल्याची नोंद आणि खरेदी केंद्राच्या चौकशीचा निकाल, असं तिन्ही एकाच पानावर लावलं. खाली जुना आकडा, नवा आकडा आणि बदलाची तारीख. जुना आकडा पुसून टाकू नका, तो वाचता येईल अशी त्यावर एक तिरपी रेघ मारून सही करा.